साखरपुडा ते लग्न : रोजच्या फोनची हजेरी

“अक्षय्य तृतीयेला आमचा साखरपुडा झाला, लग्न डिसेंबरमध्ये आहे. रोज रात्री तासभर फोन होतो, पण बोलायला काही उरत नाही. एखाद्या दिवशी मी फोन केला नाही की तो रुसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन येतो, ‘काय गं, भांडलात का?’ लग्नापर्यंत ही ओढ टिकेल का?”

चातुर्मासामुळे आणि हॉलच्या तारखांमुळे साखरपुडा आणि लग्न यांत सहा-आठ महिने जाणं आपल्याकडे नवं नाही. अशाच काळात माझ्याकडे आलेलं एक जोडपं आठवतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी ठाण्याची, मुलगा नेरूळचा.

मी त्यांना म्हटलं, कालचा फोन जसाच्या तसा सांगा. घरी कधी पोचलीस, जेवलीस का, काय केलं होतं, झोप येतेय का. मग दोघंही फोन चालू ठेवून मोबाइलवर दुसरंच काहीतरी बघत बसले. बोलताबोलता कळलं की मुलाचं प्रोजेक्ट संपून बरेच दिवस झाले होते आणि पुढचं काम मिळेल की नाही या काळजीत तो होता. रोज फोन होत असूनही तिला याचा पत्ता नव्हता. “सांगणार होतो, पण हॉलमध्ये सगळे बसलेले असतात,” तो म्हणाला.

खरी गोम इथे होती. घर वन बीएचके, फोनची वेळ आईबाबांच्या टीव्हीच्या वेळेची. शेजारी चार कान असताना माणूस जेवणाखाणापलीकडे जात नाही. बोलणं वरवरचं झालं की मन भरत नाही, मन भरलं नाही की आणखी फोन हवासा वाटतो, आणि समोरच्याला तो फोन हजेरीसारखा वाटू लागतो. एक जण मागे लागतो, दुसरा अंग काढून घेतो. ओढ आटल्याची ही खूण समजू नये.

म्हणून आधी जागा बदलली. आठवड्यातून तीनच फोन, जेवणानंतर सोसायटीच्या आवारात चालत, साधारण अर्धा तास. फोन जमणार नसेल तर ज्याला जमत नाही त्याने आधी कळवायचं आणि त्याच मेसेजमध्ये दुसरी वेळ द्यायची. ही दुसरी वेळ फार महत्त्वाची, कारण रुसवा बहुतेक वेळा ‘आज नाही’ यापेक्षा ‘मग कधी?’ हे न कळल्यामुळे येतो. मधल्या दिवशी त्या दिवसातली एकच गोष्ट सांगणारा छोटा व्हॉइस मेसेज, आणि पुढच्या फोनची सुरुवात त्याच गोष्टीपासून. “त्या मॅनेजरचं पुढे काय झालं?” असं त्याने विचारलं तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की हा माझं ऐकतो.

एक रविवार सोडून ते ठाणे-नेरूळ लोकलने एकमेकांकडे जायचे, पण भेट घरी नाही, तलावपाळीला किंवा नेरूळच्या बागेत.

घरच्यांचं जरा नाजूक होतं. मुलाची आई तिला फोन करायची आणि गप्पांच्या ओघात मानपान, शालू, पाहुण्यांचा आकडा असं सगळं निघायचं. ती ते मुलाला सांगायची, तो आईला विचारायचा, आणि रात्रीचा फोन त्यातच जायचा. मी त्यांना म्हटलं, याद्या मोठ्यांनी समोरासमोर बसून करू देत आणि कोण काय करणार ते कागदावर येऊ दे. पुढचे बदल दोन्ही वडिलांनी आपसात बोलावेत. तुम्ही निरोप्या होऊ नका.

आईला सांगायचं काम मुलाचं. सुनेने सांगितलं तर तो उद्धटपणा ठरतो. तो म्हणाला, “आई, आमचं काही बिनसलं तर मीच तुला सांगेन. तिला असं विचारलंस की तिला परीक्षा दिल्यासारखं वाटतं. सणावाराला मात्र जरूर फोन कर.” आई दोन दिवस गप्प होती. मग गणपतीत तिने मोदकांबद्दल विचारायला फोन केला, आणि मुलीला तो फोन मनापासून आवडला.

तुम्हीही आधी फोनची जागा बघा, मग वेळ ठरवा. एक महिना तरी मोडू नका, कारण पहिले काही दिवस फोन नसलेली संध्याकाळ दोघांनाही टोचते. मात्र तुमच्याकडे कुठे आहेस याचे फोटो मागितले जात असतील, पासवर्ड मागितला जात असेल, मैत्रिणींना भेटायला बंदी येत असेल किंवा फोन न घेतल्यावर लग्न मोडायची धमकी मिळत असेल, तर फोनचं वेळापत्रक उपयोगाचं नाही. तो धाक आहे. तेव्हा एकटीने येऊन समुपदेशकाशी बोला, आणि हॉलचे पैसे भरलेत म्हणून थांबू नका.