नऊ मिनिटांची स्क्रिप्ट, एकोणीस तास

प्रश्न: एका यूट्यूबरसाठी स्क्रिप्ट लिहायचं काम मिळतंय. रिसर्च किती करायचा, त्यांच्या टोनमध्ये कसं लिहायचं आणि पैसे मिनिटावर घ्यायचे की शब्दावर?

उत्तर:

मिनिटावर घेऊ नका. शब्दावर तर अजिबात नको. का, ते सांगायला एका पुलाची गोष्ट सांगावी लागेल. थोडी लांबेल, कारण अजून डोक्यातून गेलेली नाही.

विज्ञानाचे व्हिडिओ करणारा एक मुलगा होता. चांगला बोलायचा, मेहनती होता. आमचं ठरलं होतं मिनिटावर: जितक्या मिनिटांचा व्हिडिओ, तितके पैसे. विषय आला टाकोमा नॅरोज पुलाचा. अमेरिकेतला हा झुलता पूल 1 जुलै 1940 ला सुरू झाला आणि 7 नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याची फिल्म तुम्ही पाहिली असेलच. रस्ता रिबिनीसारखा हेलकावे खातोय, वर एक गाडी अडकलीये. त्या गाडीतला कुत्रा सोडला तर जीव कोणाचाच गेला नाही.

बारा मिनिटांची स्क्रिप्ट हवी होती. तो मिनिटाला साधारण 128 शब्द बोलतो (मी मोजले होते), म्हणजे दीड हजार शब्द. पहिला खर्डा एका दिवसात झाला, कारण उत्तर मला शाळेपासून पाठ होतं: रेझोनन्स. गायिकेच्या आवाजाने फुटणारा काचेचा पेला, 1831 मध्ये सैनिकांच्या पावलांनी पडलेला इंग्लंडमधला ब्रॉटन पूल आणि मग हा. सगळं छान एका ओळीत बसत होतं.

फक्त एक आकडा भरायचा राहिला होता. रेझोनन्स म्हणजे झोपाळ्याला त्याच्याच तालात धक्के देणं. मग त्या दिवशी वाऱ्याचा ताल काय होता? वारा ताशी 65 किलोमीटरच्या आसपास होता, हे सगळीकडे सापडलं. ताल मात्र कुठेच नाही. दहा ठिकाणी तेच वाक्य जवळपास त्याच शब्दांत होतं. असं दिसलं की समजायचं, हे दहा सोर्स नाहीत, एकच आहे आणि बाकी नऊ जणांनी तो उतरवलाय.

शोधत शोधत बिल्ला आणि स्कॅनलन या दोघांचा 1991 चा अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समधला लेख हाती लागला. तो नेमका याच चुकीवर आहे, पाठ्यपुस्तकांनी ती कशी पसरवली यावर. अडथळ्यावरून वारा गेला की मागे भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा एक धक्का देतो. त्या वाऱ्यात असे धक्के सेकंदाला साधारण एक बसले असते. पूल मात्र पाच सेकंदांत एकदा पिळवटत होता. ताल जुळतच नाही. खरं कारण फ्लटर. पूल जरासा पिळला की वारा त्याला वेगळ्या कोनात लागतो, त्याने तो आणखी पिळतो, म्हणून वारा आणखी जोरात लागतो. बाहेरून कोणी ताल देत नव्हतं. ताल पुलाचा स्वतःचाच होता, वारा नुसती ताकद पुरवत होता.

आता माझा काचेचा पेला गेला, ब्रॉटनचे सैनिकही गेले. ती उदाहरणं खोटी नव्हती, पण या गोष्टीत त्यांचं काम उरलं नव्हतं. स्क्रिप्ट बारावरून नऊ मिनिटांवर आली. आधीपेक्षा कितीतरी चांगली, आणि निदान खरी.

बिल पाठवलं बारा मिनिटांचं, कारण स्क्रिप्ट मागितली होती बारा मिनिटांची. त्याचा मेसेज आला, "ताई, नऊ मिनिटांचंच झालं ना?"

तीन मिनिटांचे पैसे कापले. म्हणजे दोन दिवस घालून चूक शोधल्याबद्दल मला दंड, आणि ती तशीच ठेवली असती तर पूर्ण पैसे. मिनिटावरच्या दराचं हेच आहे: पाणी घालणाऱ्याला बक्षीस आणि काटछाट करणाऱ्याला शिक्षा. रिसर्चचा मोठा भाग स्क्रिप्टमधून काय काढायचं ते ठरवण्यात जातो, आणि काढलेल्याचे शब्द कोण मोजणार?

त्या स्क्रिप्टचे तास मी वहीत लिहिले होते. रिसर्च नऊ, त्याचं बोलणं ऐकून उतरवणं दोन, लिहिणं पाच, दुरुस्त्या तीन. एकोणीस. यातले नऊ त्याला कधी दिसलेच नाहीत.

म्हणून आता मी एका स्क्रिप्टचा एकच आकडा सांगते. तो असा काढा: पहिल्या तीन स्क्रिप्टचे तास प्रामाणिकपणे लिहा आणि तिन्हीतला सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला धरा. सरासरी धरू नका, सरासरीत टाकोमा मावत नाही. त्याला तुमच्या तासाच्या दराने गुणा. तासाचा दर किती, ते मी सांगू शकत नाही, तुमचं तुम्हाला ठाऊक. समोरच्याला तास दाखवायचे नाहीत, फक्त आकडा सांगायचा आणि त्यात काय काय येतं ते लिहून द्यायचं: विषय एक, लांबी अमुक मिनिटांपर्यंत (कमी भरली तर पैसे तेच), दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. आराखडा मंजूर झाल्यावर विषय बदलला तर ती नवी स्क्रिप्ट. अर्धे पैसे रिसर्च सुरू करायच्या आधी. व्हिडिओ त्यांनी केलाच नाही तरी ते अर्धे परत नाहीत, कारण नऊ तास तर गेलेलेच असतात.

पण गोष्ट इथे संपली नाही. व्हिडिओ आला आणि साहेब सातव्या मिनिटाला कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "म्हणजेच काय, तर रेझोनन्स!" माझं वाक्य गायब. दुसऱ्या दिवशी एका शिक्षकांनी कमेंटमध्ये चूक दाखवली, सभ्य भाषेत. खाली याचं उत्तर: "रायटरकडून राहून गेलं, सॉरी."

मी किती दिवस धुमसत होते ते विचारू नका. शेवटी त्याच्याकडून न कापलेलं रेकॉर्डिंग मागवलं, भांडायला पुरावा म्हणून. आणि तिथे मलाच गप्प बसावं लागलं. माझं मूळ वाक्य असं होतं:

"पुलामागे तयार होणाऱ्या भोवऱ्यांचा ताल आणि पुलाच्या पिळवटण्याचा स्वतःचा ताल यांत मेळ नसल्यामुळे, केवळ रेझोनन्समुळे हा पूल पडला हे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं दिलं गेलेलं स्पष्टीकरण टिकत नाही."

वाचायला ठीक आहे. पण मोठ्याने म्हणून बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे "टिकत नाही" येईपर्यंत बोलणाऱ्याचा श्वास संपलेला असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात एकच शब्द उरतो, रेझोनन्स. त्याने ते वाक्य चार वेळा म्हणायचा प्रयत्न केला होता. पाचव्यांदा वैतागून स्वतःच्या शब्दांत सांगितलं आणि त्यात सगळा अर्थ उलटा झाला. खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याच्या तोंडात न बसणारं वाक्य मी त्याला दिलं होतं.

टोन जुळवायचा म्हणजे त्याचे दोन-चार लाडके शब्द पेरायचे, असं बरेच जण समजतात. तेव्हा मीही तेच करत होते. "मंडळी, जरा थांबा" हे त्याचं वाक्य मी तीनदा घातलं होतं. पण छापील व्हिडिओवरून (मी प्रसिद्ध झालेल्याला छापील म्हणते) टोन कळतच नाही, कारण एडिटरने श्वास, अडखळणं, पुन्हा म्हटलेली वाक्यं सगळं कापलेलं असतं. कच्चं रेकॉर्डिंग मागा, अर्ध्या तासाचं पुरे. स्वतःच्या हाताने उतरवून काढा, आयतं टाइप झालेलं घेऊ नका. श्वास कुठे घेतला तिथे रेघ मारा. दोन रेघांमध्ये किती शब्द येतात ते मोजा. त्याचे साधारण नऊ ते अकरा यायचे, आणि मी त्याला तिशीच्या घरातली वाक्यं देत होते! शिवाय कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये माणूस कुठे हमखास अडखळतो तेही दिसतं. हा आकड्यांवर अडखळायचा. एकोणसाठ, एकोणसत्तर आले की गाडी रुळावरून खाली. त्याला "साठला एक कमी" लिहून दिलं की बिनधास्त म्हणायचा.

तेच वाक्य आज मी असं लिहीन:

"वाऱ्याचे धक्के सेकंदाला एक. पूल पिळतोय पाच सेकंदांत एकदा. जुळतंय का? नाही. मग पुलाला हलवतंय कोण? पूलच! तो जितका पिळतो, तितका वारा त्याला आणखी पिळतो."

शब्द जवळपास तेवढेच आहेत. पण यातलं कुठलंही वाक्य त्याने स्वतःच्या पद्धतीने म्हटलं तरी अर्थ उलटा होत नाही. आणि रेझोनन्स हा शब्दच नाही, म्हणून तो चुकून तोंडात यायची भीती कमी.

त्यानंतर स्क्रिप्टसोबत मी एक पानभर तक्ता देते. डावीकडे व्हिडिओ ज्यांच्यावर उभा आहे ती पाच-सहा विधानं, उजवीकडे ती कुठून घेतली, आणि शेवटी एक शेरा: पक्कं, वादग्रस्त, किंवा "शब्द बदलू नका, बदलायचे तर मला फोन करा". फोन खरंच येतात, आणि दोन मिनिटांत मिटतं. "रायटरकडून राहून गेलं" असं म्हणायला मग जागाही उरत नाही.

रिसर्च किती, याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही: व्हिडिओ ज्यावर उभा आहे ती विधानं मुळापर्यंत जाऊन बघा, बाकीची सोडा. पुलाची लांबी चार ठिकाणी सारखी दिसली तर पुढे जा. पूल का पडला, हे चारशे ठिकाणी सारखं दिसलं तरी थांबा.

हे सगळं माहितीच्या व्हिडिओंचं झालं. भटकंतीचे किंवा नुसत्या गप्पांचे व्हिडिओ असतील तर रिसर्च नसतोच, तिथे मिनिटावर घेतलंत तरी फारसं बिघडत नाही. आणि अगदी पहिलं काम असेल, हातात दाखवायला काहीच नसेल, तर माझ्या अटी ऐकून ते पळतील हेही खरं. अशा वेळी दुरुस्त्यांची एक फेरी जास्त द्या, पण आगाऊ अर्धे सोडू नका.

त्या मुलाचा गेल्या महिन्यात पुन्हा मेसेज आला. नवी सीरिज करतोय, सहा स्क्रिप्ट हव्यात. मी अटी आणि एका स्क्रिप्टचा आकडा पाठवला. तासाभराने उत्तर आलं: "चालेल ताई. पण मिनिटाला किती पडलं मग?"