कंप्रेसरच्या फाउंडेशनमुळे शेजारचं घर हादरतंय, ब्लॉक आणखी खोल करू का?

प्रश्न: आडव्या सिलिंडरचा 3 टनी कंप्रेसर, पट्ट्यावर चालणारा, 600 आरपीएम. ब्लॉक 3 × 2 मीटर, जाडी 1.2 मीटर, पिस्टन 2 मीटरच्या दिशेने चालतो. शेजारच्या घराच्या खिडक्या थरथरतात. ब्लॉक आणखी खोल केला किंवा मध्ये मीटरभर चर खणला तर थांबेल का?

उत्तर:

चर खणू नका आणि ब्लॉकही खोल करू नका. आधी पुली बदलून वेग कमी करा. कारण आकड्यांतूनच दिसतं.

600 आरपीएम म्हणजे सेकंदाला 10 धक्के, 10 हर्ट्झ. माती मध्यम घट्ट धरली (Cu, म्हणजे मातीचा ताठपणा, सुमारे 4 किलो प्रति घन सेंटिमीटर) आणि बाजूच्या भरावाचा आधार सोडून दिला, तर तुमचा ब्लॉक वर-खाली सुमारे 19 हर्ट्झला डोलतो. बहुतेक जण इथेच हिशेब थांबवतात आणि 'पुरेसा लांब आहे' म्हणतात. पण तुमच्या मशीनचा जोर आडवा आहे आणि तो ब्लॉकच्या माथ्यावर लागतो. त्यामुळे ब्लॉक सरकतोही आणि झुलतोही. या एकत्रित हालचालीची नैसर्गिक वारंवारता काढली तर ती 10.6 हर्ट्झ येते. मशीन 10 वर चालतंय, म्हणजे जवळजवळ रेझोनन्सवरच.

डॅम्पिंगचा, म्हणजे कंप विझण्याचा, घोळही इथेच आहे. वर-खाली हलणारा ब्लॉक आपली ऊर्जा लाटांच्या रूपाने जमिनीत पाठवतो. त्या दिशेचं डॅम्पिंग या आकाराला सिद्धांताने 45 टक्क्यांच्या पुढे जातं, त्यामुळे रेझोनन्स आला तरी फारसा जाणवत नाही. झुलताना मात्र एक कड दाबते आणि दुसरी सुटते, दोन्हींच्या लाटा एकमेकींना मारतात, आणि डॅम्पिंग उरतं 6 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे हालचाल स्थिर जोराने होईल त्याच्या सहा पट होते. काळ्या मातीखाली थोड्याच खोलीवर कातळ असेल, जसा आपल्या दख्खनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी असतो, तर लाटा परत येतात आणि वर-खाली दिशेचं ते मोठं डॅम्पिंगही भरवशाचं राहत नाही.

आता जाडी 1.8 मीटर केली तर? वजन वाढतं, उंची वाढते, तळाची रुंदी तेवढीच. वारंवारता सुमारे 7.7 वर उतरते. चालू वेग टळला, पण मशीन सुरू होताना आणि बंद होताना प्रत्येक वेळी त्याच रेझोनन्समधून जाणार. झुलण्याला अडवते ती रुंदी, आणि तिचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो. नवा ब्लॉक 3 × 3 मीटर आणि फक्त 0.9 मीटर जाड घेतला, तर काँक्रीट 7.2 ऐवजी 8.1 घनमीटर लागतं आणि वारंवारता 13.3 वर जाते. जुना ब्लॉक ठेवायचा असेल तर दोन्ही बाजूंना, तळाशी, 50 सेंटिमीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर उंच पंख जोडा. जुना पृष्ठभाग टाचून खडबडीत करा, सळया भोकं पाडून ग्राउटमध्ये रोवा. एका बाजूने काँक्रीट वाढवलं तर गुरुत्वमध्य सरकतो, म्हणून दोन्हीकडे सारखंच. एवढ्याने सुमारे 12.4 मिळतात.

पण हे सगळं पुलीनंतर. वेग 500 आरपीएम केला तर धक्के 8.3 हर्ट्झला येतात, शिवाय असंतुलित जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने 30 टक्क्यांनी कमी होतो. दोन्ही मिळून झुलणं जवळपास चौथाई राहतं. किंमत एवढीच की हवा साधारण सहाव्या भागाने कमी मिळेल.

चराचं गणित वेगळंच आहे. लाट अडायला चर तिच्या लांबीच्या साधारण 0.6 पट खोल लागतो. 10 हर्ट्झची लाट अशा मातीत 15 ते 20 मीटर लांब असते, म्हणजे 9 ते 12 मीटर खोल चर. मीटरभर चर तिला दिसतच नाही.

त्याऐवजी ब्लॉकभोवतीची फरशी तपासा. ती ब्लॉकला चिकटलेली असेल तर फरशीतून कंप थेट शेडच्या कॉलमला आणि सामायिक भिंतीला जातो. चारही बाजूंनी 20-25 मिलिमीटरची फट कापा, बिटुमेनच्या फळीने भरा. पाइपलाही लवचीक जोड द्या, नाहीतर तोच पूल होतो.

माझे आकडे मातीच्या अंदाजावर उभे आहेत. Cu 30 टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तर वारंवारता 15 टक्के हलते, आणि तुमची वेळ काठावरची आहे. काँक्रीट ओतण्याआधी IS 5249 प्रमाणे ब्लॉक व्हायब्रेशन टेस्ट करून घ्या. आणि पुली बदलण्याआधी एकदा मशीन बंद करताना ब्लॉकवर हात ठेवा. कंप लगेच उतरत गेला तर रेझोनन्स चालू वेगाजवळ किंवा त्याच्या वर आहे. उतरता उतरता मध्येच फुगला तर तो खाली आहे, आणि वेग कमी केल्यास तुम्ही त्याच्यावरच जाऊन बसाल.