टर्नओव्हर ३० टक्के, तरी फंड ओळखू येईना

प्रश्न : «माझ्या व्हॅल्यू फंडाचा टर्नओव्हर फक्त ३० टक्के आहे, म्हणजे मॅनेजर शांत आहे ना? पण यादीत जुने शेअर फारसे दिसत नाहीत. – कराड»

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी जखम उघडली. मीही तोच आकडा बघून चार वर्षं निर्धास्त बसलो होतो.

आपल्याकडे टर्नओव्हर काढताना वर्षभरातली खरेदी आणि विक्री यांपैकी जी रक्कम कमी असेल ती धरतात आणि तिला सरासरी मालमत्तेने भागतात. पैसा ओतला जात असलेल्या फंडात नेमकी इथेच फसगत होते. समजा, फंड ७०० कोटींचा होता. वर्षात ३०० कोटींचे शेअर विकले, ९०० कोटींचे घेतले. भाव हलले नाहीत असं धरलं तर वर्षअखेर १३०० कोटी, सरासरी १०००. टर्नओव्हर ३० टक्के! पण घेतलेलं काही विकलं नसेल, तर १३०० पैकी ९०० कोटींचा माल नवा आहे. स्वस्त शेअरचा फंड महागड्या, पळत्या शेअरचा झाला तरी हा आकडा हूं की चूं करणार नाही.

मला हे कळलं ते उशिरा. हळदीच्या पट्टीचे पैसे त्यात टाकले होते. सांगलीतल्या ज्या कार्यालयातून फंड घेतला होता तिथे तीन वेळा गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, योजनेचं नाव तेच आहे, मग काय बदललं?" त्याच्यावर विसंबून आणखी वर्षभर थांबलो, तेच मला सगळ्यात महाग पडलं. योजनेचं मूलभूत स्वरूप बदललं तर फंड हाउसला तसं कळवून एक्झिट लोडशिवाय बाहेर पडायची मुदत द्यावी लागते. पण नियमाच्या चौकटीत राहून मॅनेजरने चाल बदलली, तर कुणाचंही पत्र येत नाही. व्हॅल्यू फंडाला इक्विटीचा ठरलेला किमान वाटा आणि व्हॅल्यू धोरण हीच मुख्य बंधनं आहेत. पीई किती असावा हे कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून फंड हाउसच्या साइटवरून याच महिन्याची आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची पोर्टफोलिओची एक्सेल घ्या आणि `ISIN` वरून जुळवा. टक्केवारी नको, `Quantity` बघा. नुसता भाव वाढला तरी टक्केवारी वाढते. नव्या नावांचा एकूण वाटा काढा आणि त्यांचा पीई जुन्यांशी ताडून बघा.

मी नोंदणीकृत सल्लागार नाही, पण माझं मत ठाम आहे. पैसा फार आला म्हणून मॅनेजर मोठ्या कंपन्यांकडे वळला आणि तसं त्याने लिहून सांगितलं, तर मी थांबेन. पण गेल्या वर्षी जे पळालं तेच त्याने यंदा घेतलं असेल, तर त्याचा स्वतःच्या पद्धतीवरचा विश्वास उडालाय असं मी समजतो.

आणि उलटंही होतं बरं का : काही फॅक्टशीटमध्ये टर्नओव्हरमध्ये डेरिव्हेटिव्ह मिसळलेले असतात, त्यामुळे तो फुगतो. तळटीप वाचल्याशिवाय त्या मॅनेजरला चंचल म्हणू नका.