ऑफर लेटर: आधी काम, मग पगार, मग तारीख, मग अटी

प्रश्न: सर, एचआरमध्ये एमबीए करून मी चाकणच्या एका छोट्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागले आहे. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी ऑफर लेटर मीच लिहिलं, तीन पानांच्या जुन्या नमुन्यावरून. उमेदवाराचे लगेच फोन सुरू झाले: हातात किती येणार, नक्की कधी यायचं, आता राजीनामा देऊ का? मालक म्हणतात, "चार लाखांचं पॅकेज लिहून टाक." पत्र नव्याने कसं लिहू?

उत्तर: त्या तीन प्रश्नांतला शेवटचा सगळ्यात मोलाचा आहे. तुमच्या पत्राच्या भरवशावर माणूस हातातली नोकरी सोडणार आहे, म्हणून तो ज्या क्रमाने विचार करतो त्याच क्रमाने लिहा.

पहिला परिच्छेद कामाचा. हुद्दा, विभाग, कोणाच्या हाताखाली, कुठल्या प्लांटला, शिफ्ट कुठली. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असेल तर तेही इथेच. चार ओळींत हे संपतं. "कंपनीच्या गौरवशाली वाटचालीत" वगैरे मजकूर काढून टाका.

पगारावर मात्र वेळ घाला. "चार लाख" वाचून उमेदवार बाराने भागतो आणि 33,333 रुपये धरून बसतो. समजा, तुमच्याकडे महिन्याचा ग्रॉस 30,000 आहे: बेसिक 16,000, घरभाडे भत्ता 6,400, बाकी इतर भत्ते 7,600. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर धरला तर 12 टक्क्यांनी त्याचे 1,800 कापले जातील, व्यवसाय कर 200. हातात 28,000, आणि फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असल्याने 27,900. कंपनी स्वतःचे 1,800 भरते ते धरून महिन्याचा खर्च 31,800, वर्षाचा 3,81,600. मालकांच्या चार लाखांतले उरलेले 18,400 म्हणजे कामगिरीवर मिळणारा वार्षिक इन्सेंटिव्ह, आणि तो मिळेलच असं नाही. तेव्हा पत्रात आधी ग्रॉस, लगेच खाली कपाती आणि अंदाजे हातात येणारी रक्कम, आणि सगळ्यात शेवटी सीटीसी. इन्सेंटिव्ह वेगळ्या ओळीत, "कमाल" हा शब्द घालून आणि तो कशावर ठरेल हे सांगून. मालकांना मोठा आकडा वर हवा असतो, मला ठाऊक आहे. पण पहिल्या पगाराला 28,000 पाहून बिथरलेला इंजिनिअर त्यांनाच महाग पडेल, हे त्यांना कागदावर मांडून दाखवा.

आता तारीख. "लवकरात लवकर रुजू व्हावे" याला काही अर्थ नाही. त्याचा नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे असं धरू आणि अटींसकट उलटं मोजू, कारण इथे तारीख आणि अटी एकमेकींत गुंतलेल्या असतात.

जुन्या नमुन्यांत सगळ्या अटी एकाच ढिगात असतात: वैद्यकीय तपासणी, पदवीची मूळ कागदपत्रं, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, प्रोबेशन. पण रिलीव्हिंग लेटर तर नोकरी सोडल्यावरच मिळतं. ते राजीनाम्याआधी कुठून आणणार? म्हणून अटी दोन भागांत लिहा. राजीनाम्याआधी पुरी व्हायची ती तपासणी आणि कागदपत्रं. रुजू होताना आणायचं ते रिलीव्हिंग लेटर. मजकूर साधारण असा:

"ही ऑफर 10 जुलैपर्यंत खुली आहे, तोवर लेखी स्वीकृती कळवावी. वैद्यकीय तपासणी आणि मूळ कागदपत्रांची पडताळणी 14 जुलैपर्यंत पूर्ण करावी. निकाल आम्ही 16 जुलैपर्यंत ईमेलने कळवू. त्यानंतरच सध्याच्या नोकरीचा राजीनामा द्यावा. रुजू होण्याची तारीख: 18 ऑगस्ट, सकाळी 9 वाजता. येताना रिलीव्हिंग लेटर आणावे."

17 जुलैला राजीनामा दिला आणि तो दिवस धरला, तर तीस दिवस 15 ऑगस्टला संपतात. त्या दिवशी सुट्टी, म्हणून दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवली.

"10 जुलैपर्यंत" ही ओळ गाळू नका. 1872 च्या करार कायद्यानुसार दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव आपोआप संपतो, आणि स्वीकृती बिनशर्त असावी लागते. "32,000 देत असाल तर येतो" असं उत्तर आलं तर ती स्वीकृती नव्हे, त्याचा नवा प्रस्ताव आहे. मालक कबूल झाले तर सुधारित पत्र नव्या तारखेने काढा, व्हॉट्सॲपवर आकडा बदलून मोकळं होऊ नका.

प्रोबेशन सहा महिने आणि त्या काळातली नोटीस, एवढ्या दोन ओळी ऑफरमध्ये पुरेत. रजा, गोपनीयता, शिस्तीचे नियम नियुक्तिपत्रात जातात. ते रुजू होताना द्यायचंच आहे; नव्या कामगार संहितांमध्ये, ज्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या नमुन्याची दुसरी-तिसरी पानं तिकडे हलवा. ऑफर एका पानात बसेल.