पावती दुकानाची, नकार विमा कंपनीचा

प्रश्न: ऑक्टोबर २०२२ मध्ये ५८,००० रुपयांचा टीव्ही घेतला, त्याच बिलावर ५,४०० रुपये भरून उत्पादकाची वॉरंटी संपल्यावर सुरू होणारी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. जुलै २०२५ मध्ये पॅनल गेले, दुरुस्तीचा अंदाज २९,००० रुपये. विमा कंपनी म्हणते, तुमची नोंदच आमच्याकडे नाही. दुकानदार म्हणतो, आम्ही फक्त मध्यस्थ. आता तो नव्या टीव्हीवर ६,००० रुपयांची सूट देतो आहे, पण "तक्रार मिटली" असे लिहून मागतो. सही करू का?

उत्तर: आज सही करू नये. ती सूट नवी खरेदी केली तरच हाती येईल, आणि त्या एका ओळीमुळे २९,००० रुपयांचा आपला दावा संपुष्टात येईल.

प्रथम बिल काढून त्यावरची ५,४०० रुपयांची ओळ नीट वाचावी, कारण सारा निवाडा तिच्याभोवती फिरणार आहे. वाढीव वॉरंटी या एकाच नावाखाली दोन निरनिराळे करार विकले जातात. एका प्रकारात दुकानदार स्वतःच दुरुस्तीचे वचन देतो आणि त्याचा खर्च भागावा म्हणून स्वतःच्या नावावर विमा काढतो; तेथे विमेदार दुकानदार असतो, आपण नव्हे, आणि विमा कंपनीने त्याचा दावा नाकारला तरी आपल्याला दिलेले वचन संपत नाही. दुसऱ्या प्रकारात दुकानदार विमा कंपनीच्या वतीने पॉलिसी विकतो आणि ग्राहकाला त्याच्या नावाचे, टीव्हीचा अनुक्रमांक असलेले विमा प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडे असे प्रमाणपत्र नसेल आणि बिलावर दुकानाच्याच नावाने सेवा म्हणून रक्कम घेतलेली असेल, तर "आम्ही मध्यस्थ" हे म्हणणे टिकवणे दुकानदाराला जड जाईल. सेवेसमोरचा कर-संकेतांकही पाहावा: ९९८७ ने सुरू होणारा देखभाल-दुरुस्तीचा असतो, ९९७१ चा गट विम्यासह वित्तीय सेवांचा. हा अंतिम पुरावा नव्हे, पण रक्कम घेताना दुकानदाराने ती काय म्हणून घेतली हे त्यातून दिसते.

"नोंद नाही" या उत्तराचे महत्त्व मला अधिक वाटते. विमा कंपनीने कलम दाखवून दावा फेटाळला असता, तर वाद तिच्याशी झाला असता. येथे ती करारच झाला नाही असे म्हणते. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याशिवाय किंवा त्याची हमी मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम पत्करता येत नाही. म्हणून दुकानदाराने आपले ५,४०० रुपये आणि तपशील पुढे पाठवलेच नसतील, तर दोष त्याच्याकडे येतो. पाठवले असतील आणि कंपनीने नोंदवले नसतील, तर तिच्याकडे.

हे दोघांकडून लेखी वदवून घ्यावे. दुकानदाराला नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने पंधरा दिवसांची मुदत देऊन तीनच गोष्टी विचाराव्यात: दुकान आणि विमा कंपनी यांच्यातील मुख्य पॉलिसीचा क्रमांक कोणता, माझा तपशील कोणत्या तारखेला पाठवला, हप्ता कोणत्या तारखेला भरला. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला त्याच दिवशी विचारावे की त्या दुकानाशी असा करार होता का आणि नकार कशाच्या आधारे दिला. दोन उत्तरे शेजारी ठेवली की विसंगती आपोआप दिसते, आणि उत्तर न देणाऱ्याचे मौनही ग्राहक आयोगापुढे मांडता येते. तोवर टीव्ही भंगारात देऊ नये आणि बिघाडाचे कारण उत्पादकाच्या सेवा केंद्राकडून लिहून घ्यावे.

यानंतर तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि दुकानदार व विमा कंपनी दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे. मुख्य मागणी दुकानदाराविरुद्ध ठेवावी आणि रक्कम दोघांनी संयुक्तपणे अथवा स्वतंत्रपणे द्यावी अशी मागणी जोडावी. एकालाच ओढले तर तो गैरहजर असलेल्या दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाणे मात्र आपल्या नावाचे प्रमाणपत्र सापडले तरच उपयोगी. तेथे दुकानदाराविरुद्ध दाद मिळत नाही, आणि आयोगात तक्रार चालू असताना तोच वाद लोकपाल ऐकत नाहीत.

निकालाला किती काळ लागेल हे हातात नसल्याने २९,००० रुपये येणारच असे धरून घरखर्च आखू नये. शिवाय योजनेच्या अटींत घसारा वजा करण्याचे कलम असल्यास मिळणारी रक्कम कमी होईल, तेव्हा ते आधी तपासावे. पत्र पोहोचल्यावर दुकानदार रोख तडजोड देऊ लागला आणि ती घसारा वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या जवळ आली, तर मी ती स्वीकारण्यास सांगेन. सही मात्र पैसे खात्यात जमा झाल्यावरच करावी.