पाण्याची रेघ

"मॅडम, मी लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. दोन वर्षांच्या एका मुलाचे दोन्ही पाय भाजलेत. आई म्हणते बादली उलटली, पण मला ते पटत नाही. मेट्रन म्हणाल्या, घरच्या भानगडीत आपण पडायचं नाही. मी चुकले तर एका आईवर नाहक आळ येईल. कळवू की गप्प बसू?"

सिस्टर माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची रात्रपाळी नुकतीच संपली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी एकच विचारलं, "पटत नाही म्हणजे नेमकं काय दिसलं?" त्यांनी माझ्या वहीत पाय काढून दाखवले. दोन्ही घोट्यांच्या वर, सारख्याच उंचीवर, सरळ रेघ. मोजे घातल्यासारखी. वर कुठेही शिंतोडे नाहीत.

बादली उलटली की पाणी उडतं, ओघळतं. पहिल्यांदा लागतं तिथे जास्त भाजतं, पुढे ते निवत जातं, म्हणून कडा वेड्यावाकड्या येतात. शिवाय मूल पाय झटकतं, पळतं. दोन्ही पायांवर सारखी, स्वच्छ रेघ उमटते ती पाय पाण्यात धरून ठेवले तर. तळवे भांड्याच्या तळाला दाबले गेले असतील तर ते कमी भाजलेले दिसू शकतात, आणि या मुलाचे तसेच होते. त्यात भाजलं आदल्या रात्री आणि दवाखान्यात आणलं दुसऱ्या दिवशी दुपारी. कॅज्युअल्टीत आई म्हणाली बादली उलटली, संध्याकाळी सिस्टरांना म्हणाली, तो स्वतःच टबात उतरला.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिने काहीच सिद्ध होत नाही. गरीब घरात उशीर बसच्या भाड्यापायीही होतो. पाठीवरचा जन्मजात निळसर डाग मारल्याचा वण वाटतो, त्वचेच्या संसर्गाचे फोड सिगारेटचे चटके वाटतात. म्हणून तपासणी डॉक्टरांनीच करायची. पण जखमेची ठेवण, उशीर आणि बदलणारी हकिकत एकत्र आली, तर शंका घ्यायला तेवढं पुरेसं आहे. पुरावा गोळा करणं नर्सचं काम नाही.

मी सिस्टरांना सांगितलं, आईला जाब विचारू नका. घाबरून ती डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन, मुलाला नेईल आणि मूल हातचं जाईल. नोट्समध्ये 'छळ' हा शब्द नको. रेघ घोट्यापासून किती सेंटीमीटर वर आहे, ते आकृतीत दाखवा. आईचे शब्द जसेच्या तसे अवतरणात घ्या, दोन्ही वेळचे, वेळेसकट. मग ते ड्यूटीवरच्या डॉक्टरांना दाखवा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, झाली का ते विचारा.

डॉक्टरांनी टाळलं असतं तरी वाट बंद नव्हती. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३१ मध्ये मुलाला बाल कल्याण समितीपुढे कोण आणू शकतं, त्या यादीत 'नर्स' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करायला मेट्रनची परवानगी लागत नाही. लैंगिक अत्याचाराची शंका असती तर निवडीचा प्रश्नच उरला नसता. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फिरवला. उलट, चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला हाच कायदा संरक्षण देतो. आळ येण्याची जी भीती सिस्टरांना वाटत होती, ती मला समजते. पण कळवणं म्हणजे आरोप ठेवणं नव्हे. चौकशी समितीने करायची असते.

डॉक्टरांनी त्याच सकाळी एमएलसी केली आणि समितीलाही कळवलं. चौकशीत आई बोलली. मूल अंथरूण ओलं करायचं म्हणून बापाने पाय धरून गरम पाण्यात बुडवले होते, आणि ती दाराशी उभी होती. घरात पाच वर्षांची बहीणही आहे हे तेव्हाच कळलं. समितीने दोन्ही मुलं आजोळी ठेवली.

नंतरच्या ड्रेसिंगला मामी त्याला घेऊन यायची. सलाईनची वाटी दिसली की तो किंचाळायचा. सिस्टर ती खाली ठेवायच्या, आधी स्वतःचं बोट बुडवून दाखवायच्या आणि थांबायच्या. चौथ्या खेपेला त्याने आपलं बोट बुडवलं, आणि मग पाय पुढे केला.