हायब्रिड म्हणायचं की मल्टि-क्लाउड?

प्रश्न : आमची ठाण्यातली औषध वितरणाची कंपनी. ईआरपी रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये आमच्याच सर्व्हरवर, ऑर्डरचं पोर्टल एडब्ल्यूएसवर आणि मेल मायक्रोसॉफ्टकडे. एक व्हेंडर याला हायब्रिड म्हणतो, दुसरा मल्टि-क्लाउड. बरोबर कोण?

उत्तर : पहिला, पण एका अटीवर.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेची २०११ची व्याख्या आजही आधाराला घेतात. तिच्यात पब्लिक, प्रायव्हेट, कम्युनिटी आणि हायब्रिड असे चार प्रकार आहेत; मल्टि-क्लाउड नाही. प्रायव्हेट म्हणजे एकाच संस्थेच्या वापरासाठी राखलेला क्लाउड. जागा आणि चालवणारे दुसऱ्याचे असले तरी चालतं, म्हणून रबाळ्याच्या भाड्याच्या जागेने काही बिघडत नाही. मात्र नवं मशीन हवं की खरेदीचा अर्ज करावा लागत असेल, तर व्याख्येप्रमाणे तो क्लाउडच नव्हे. बाजारात त्यालाही हायब्रिडचा अर्धा भाग म्हणतात आणि मला ते चालतं, कारण या शब्दाचा खरा भार जोडणीवर आहे. दोन ठिकाणं वेगळी राहून एकमेकांत गुंतलेली हवीत. हीच ती अट.

तुमचं पोर्टल ईआरपीला साठा विचारत असेल, तर ती पुरी होते. मोजण्यासारखी गोष्टही तीच आहे. समजा, एक पान उघडताना डेटाबेसला एकामागून एक ४० प्रश्न जातात. एकाच इमारतीत प्रत्येकी २ मिलिसेकंद धरले, तर ८० होतात. व्हीपीएनवरून १५ धरले, तर ६००. पोर्टल रेंगाळतं आणि दोष सर्व्हरला मिळतो, म्हणून आधी अशा फेऱ्या मोजा. उपाय म्हणजे साठ्याची प्रत एडब्ल्यूएसवर ठेवून दर काही मिनिटांनी ताजी करायची आणि ऑर्डर रांगेतून पाठवायच्या. मग जोडणी तुटली तरी ऑर्डर हरवत नाही, साठ्याचा आकडा तेवढा शिळा होतो. महिनाअखेरीच्या गर्दीत पोर्टलचीच मशीनं वाढवायची. ईआरपीचा भार एकसारखा असल्याने तो आहे तिथे ठीक आहे.

सगळंच पब्लिकवर नेलं, तर हे अंतर मिटतं, पण चोवीस तास चालणाऱ्या ईआरपीचं भाडंही चोवीस तास चालू राहतं. सर्व्हर जुने झाले असतील, तर तोही हिशेब करून बघा.

मल्टि-क्लाउड म्हणजे दोन किंवा अधिक पुरवठादारांच्या क्लाउडवर कामं चालवणं. मेल ही तयार सेवा आहे. तेवढ्यावरून तो शब्द लावणं मला ताणलेलं वाटतं. एडब्ल्यूएस बंद पडण्याच्या भीतीने दुसरा पुरवठादार घेऊ नका. डेटा दोन्हीकडे जुळता ठेवावा लागतो, बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे पडतात, परवानग्यांच्या दोन पद्धती सांभाळाव्या लागतात. त्याआधी पोर्टल मुंबईतल्याच दोन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या डेटा सेंटरांत चालवा आणि बॅकअप एडब्ल्यूएसच्या हैदराबाद रीजनमध्ये ठेवा.